आपलं नक्की काय चाललंय, हे दडपण न आणता कसं विचारावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं कोकणात राहणाऱ्या, किंवा एक जण गावी आणि दुसरा मुंबई-पुण्याला नोकरीत अशा जोड्यांसाठी आहेत. दोघं काही आठवडे भेटताय, रोज बोलताय. जवळच्या एक-दोन मित्रांना कल्पना आहे, घरी कुणालाच नाही. आणि 'हे पुढे जाणार की नाही' हा प्रश्न निदान एकाच्या तरी मनात ठाण मांडून बसलाय. साखरपुडा झालेल्यांचं किंवा वर्षानुवर्षं एकत्र असलेल्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

किती आठवड्यांनी विचारलेलं बरं?

आठवडे मोजण्यापेक्षा भेटी मोजा. रत्नागिरीतच राहणारी दोघं दोन महिन्यांत पंधरा वेळा भेटतात. सावंतवाडीची ती आणि ठाण्यात नोकरी करणारा तो मात्र तेवढ्याच काळात तीनदा भेटतात, तेही गाडीचं तिकीट मिळालं तर. दोघांनाही 'आठ आठवडे झाले' असंच वाटतं, पण एकमेकांना पाहिलेलं असतं ते वेगळ्याच मापाने.

साधारण सहा ते आठ प्रत्यक्ष भेटी झाल्या असतील, त्यातली निदान एखादी कंटाळवाणी किंवा दमलेल्या अवस्थेतली असेल, आणि एखाद्या लहान मतभेदातून तुम्ही बाहेर आला असाल, तर विचारायला हरकत नाही. त्याआधी विचारलं तर समोरच्याकडे खरं उत्तर तयारच नसतं. मग तो किंवा ती तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी बोलून मोकळी होते. लांब राहणाऱ्यांनी चार भेटी आणि त्यांच्या मधले रोजचे फोन एवढ्यावर विचारावं. सहा भेटींची वाट बघितली तर गणपतीत ओळख झालेल्यांचा शिमगा उजाडेल.

एक अपवाद आहे. तुमच्या वागण्यात बदल करणारं काही घडणार असेल, म्हणजे बदली, परदेशी नोकरी किंवा शारीरिक जवळीक वाढणं, तर भेटी मोजत बसू नका. त्याआधी विचारा.

'आपलं काय चाललंय' म्हणजे नेमकं काय विचारायचं?

बहुतेकांचं बोलणं इथेच फसतं. या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, आपण दोघंच एकमेकांना भेटतोय की तू आणखी कुणाला भेटतोयस? दुसरा, हे तुला पुढे न्यावंसं वाटतंय का? तिसरा, हे कुणाला आणि कधी सांगायचं? चौथा, लग्न.

आपल्याकडे चौथा प्रश्न इतका मोठा असतो की तो बाकीच्या तिघांना गिळून टाकतो. तुम्ही विचारता पहिला, समोरच्याला ऐकू येतो चौथा. मग डोळ्यांसमोर वडील, काका, वाडीतली माणसं, जात, पत्रिका असं सगळं उभं राहतं आणि तोंडातून 'एवढ्यात काय?' निघतं. हे उत्तर तुमच्या प्रश्नाचं नसतं, पण तुम्ही ते तुमच्याच प्रश्नाचं समजून घरी येता आणि रात्रभर जागता.

म्हणून एका वेळी एकच प्रश्न घ्या आणि तो कोणता नाही हेही बोलून टाका. 'मी लग्नाचं विचारत नाहीये, घरी सांगायचंही नाही. आपण दोघंच आहोत का, एवढंच मला कळायला हवंय.' हे वाक्य थोडं रोखठोक वाटतं खरं, पण समोरच्याच्या छातीवरचा धोंडा उतरवण्याचं काम तेच करतं.

काही आठवड्यांच्या ओळखीत पहिले दोन प्रश्न रास्त आहेत. तिसरा बहुधा पुढच्या भेटीत. चौथा तुमच्या मनात असेल तर तो लपवूही नका, पण त्याचं उत्तर त्याच संध्याकाळी मागू नका.

विचारण्याआधी स्वतःचं काय ठरवायला हवं?

दोन गोष्टी. तुम्हाला काय हवंय हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल तर भेट पुढे ढकला. स्वतःला माहीत नसताना दुसऱ्याला विचारणं म्हणजे त्याच्यावर दोघांचा निर्णय टाकणं.

दुसरी गोष्ट, 'नाही' आलं तर तुम्ही काय कराल? हे आधी ठरलेलं नसलं की माणूस जागच्या जागी मोडतं घेतो. 'बरं, मग आपण जसं चाललंय तसं चालू देऊ' असं म्हणतो आणि पुढचे तीन महिने कुढत काढतो. कागदावर लिहा हवं तर, पण उत्तर ऐकायच्या आधी लिहा.

नेमके शब्द काय वापरायचे?

क्रम महत्त्वाचा आहे: आधी चांगलं काय वाटतं ते, मग स्वतःला काय हवंय ते, मग एक प्रश्न, आणि शेवटी समोरच्याला मोकळीक. सगळं मिळून चार-पाच वाक्यं. त्याहून लांबलं की त्याचं भाषण होतं, आणि भाषणाला कुणी खरं उत्तर देत नाही.

'तुझ्याबरोबर असलं की मला बरं वाटतं. गेले दोन महिने मी दुसऱ्या कुणाला भेटत नाहीये, आणि मला हे असंच पुढे न्यायला आवडेल. तुझ्या मनात काय आहे? आत्ता सांगता आलं नाही तरी चालेल, पण जे असेल ते खरं सांग.'

यातलं दुसरं वाक्य सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. स्वतःचे पत्ते झाकून समोरच्याला पत्ते उघडायला लावले की त्याला ती चौकशी वाटते. तुम्ही आधी सांगितलंत की त्याला बोलायला जागा मिळते. भीती वाटते ती याचीच, की आपण सांगू आणि समोरून काहीच येणार नाही. ती भीती खरी आहे आणि ती तुम्हालाच पेलावी लागते. तिचा भार दुसऱ्यावर टाकला की दडपण सुरू होतं.

प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसा. वीस-तीस सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि बहुतेक जण ती सहन न होऊन स्वतःच उत्तर सुचवतात: 'म्हणजे तुला नसेल वाटत तर ठीके, मी आपलं सहज विचारलं.' एवढं बोललात की प्रश्न तुम्हीच मागे घेतलात. समोरच्याला पळायला वाट मिळाली आणि तुम्हाला उत्तर मिळालं नाही.

टाळण्यासारखे शब्दही सांगतो. 'तू कधीच', 'तू नेहमी', 'सगळे विचारतात', 'एकदाच काय ते सांगून टाक', 'मी काय समजायचं?' यातलं शेवटचं वरवर साधं दिसतं, पण त्यात तक्रारीचा सूर इतका मुरलेला आहे की समोरचा लगेच बचावाला उभा राहतो.

अडून विचारलं तर? 'माझी मैत्रीण म्हणत होती…' असं?

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर ताक मिळत नाही. मैत्रिणीच्या नावावर विचारलेल्या प्रश्नाला मैत्रिणीपुरतंच उत्तर येतं. एकाच शाळेत शिकलेल्या मित्रामार्फत विचारायला लावणं तर त्याहून वाईट. कोकणातल्या लहान गावात अशी गोष्ट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाच्या तरी गजालीत पोचते, आणि मग समोरच्याचा राग प्रश्नावर नसतो, तो गावभर झाल्याचा असतो.

कुठे आणि कोणत्या वेळी?

जागा अशी हवी की बोलणं कुणाच्या कानावर पडणार नाही, पण दोघांपैकी कुणालाही उठून जावंसं वाटलं तर सहज जाता येईल. रिकामं घर, लॉज, दुसऱ्याची चालती गाडी किंवा दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट या जागा त्यासाठी नाहीत. गाडी चालवताना विचारू नका. घाटातल्या वळणावर समोरचा ऐकतही नाही आणि उतरूही शकत नाही.

समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना हे बोलणं सोपं जातं, कारण प्रत्येक वाक्याला डोळ्यांत बघावं लागत नाही. समुद्रकिनारा त्याला चांगला, पण वार आणि वेळ बघून. रविवारी संध्याकाळी रत्नागिरीच्या भाट्याला किंवा मालवणच्या चिवल्याला ओळखीचं कुणी भेटणार नाही असं होतच नाही. 'काय, इकडे कुठे?' अशी हाक आली की तुमचं वाक्य तिथेच तुटतं. आडवारी दुपारी चारनंतर गर्दी विरळ असते. भरतीची वेळही आदल्या दिवशी बघून ठेवा. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याचा अंदाज चालत नाही. पाणी वर आलं की चालायला वाळू उरत नाही आणि तुम्ही पुन्हा भेळेच्या गाड्यांपाशी येऊन उभे राहता.

भेटीच्या पहिल्या अर्ध्या तासानंतर विषय काढा आणि पुढे निदान तासभर मोकळा ठेवा. एसटी स्टँडवर, गाडी लागलेली असताना विचारणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. भेटभर धीर होत नाही आणि शेवटच्या दहा मिनिटांत तोंडातून निघतं. समोरचा अर्धवट काहीतरी बोलून पायरी चढतो, आणि पुढचे तीन तास दोघंही खिडकीशी बसून आपापला अर्थ लावत राहतात.

दिवसांबद्दल म्हणाल तर गणपतीत, शिमग्याला पालखी घरी यायच्या दिवसांत आणि घरात लग्नकार्य असताना नको. घर माणसांनी भरलेलं असतं, झोप झालेली नसते, आणि एकांतात विचार करायला जागा नसते. आंब्याच्या बागा असलेल्या घरातल्या माणसाला एप्रिल-मेमध्ये विचारलंत तर उत्तर थकव्याचं मिळेल. मासेमारीच्या घरात उलटं असतं: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, माणूस घरी असतो, बोलायला उसंत असते. मात्र त्याच दोन महिन्यांत हात आखडलेला असतो, हे लक्षात ठेवा आणि पैशांशी जोडलेली कुठलीही गोष्ट या बोलण्यात आणू नका.

भांडणानंतर लगेच किंवा शारीरिक जवळिकीनंतर लगेचही नको. पहिल्यात माणूस रागाने उत्तर देतो, दुसऱ्यात भरात.

आधी कल्पना द्यावी का?

द्यावी, पण 'आपल्याला बोलायचंय' एवढंच लिहून नाही. त्या दोन शब्दांनी समोरच्याची झोप उडते. असं लिहा: 'शनिवारी भेटू तेव्हा आपल्या दोघांबद्दल थोडं बोलायचंय. काही वाईट नाही, मला मनातलं सांगायचंय.' भेटीच्या एक-दोन दिवस आधी पुरे. आठवडाभर आधी कळवलंत तर आठवडाभर दोघांचाही जीव टांगणीला लागतो.

दोघं लांब असू तर व्हॉट्सॲपवर विचारलं तर चालेल?

भेट महिन्याच्या आत होणार असेल तर थांबा. होणार नसेल तर फोन, आणि शक्यतो नुसत्या आवाजाचा. व्हिडिओ कॉलवर रेंज गेली की चेहरा अर्ध्यात गोठतो, आणि त्या गोठलेल्या चेहऱ्याचा आपण भलताच अर्थ काढतो.

मजकुरात विचारण्याचा खरा धोका शांततेचा आहे. समोर बसलेला माणूस गप्प असेल तर तो विचार करतोय हे दिसतं. दोन निळ्या खुणा आणि पुढे काही नाही, यातून काहीच दिसत नाही. त्यात कोकणात पावसाळ्यात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. तुम्ही इकडे 'बघून उत्तर दिलं नाही' म्हणून जळत असता आणि समोरचा तिकडे मेणबत्ती शोधत असतो.

फोनवर बोलायचं ठरलं तर वेळ आधी ठरवा आणि 'फोन कट झाला तर मी परत लावेन' हे सुरुवातीलाच बोलून ठेवा. मजकुराशिवाय गत्यंतरच नसेल तर एकाच संदेशात सगळं लिहा, पाठवल्यावर पुसू नका, खाली प्रश्नचिन्हं टाकत राहू नका, आणि दोन दिवस जाऊ द्या.

पूर्ण बोलणं साधारण कसं होतं? एखादं उदाहरण द्या.

समजा ती चिपळूणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि तो रत्नागिरीत गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. दिवाळीनंतर ओळख झाली. एक आड एक आठवड्याला ती एसटीने येते, दोन-अडीच तासांचा प्रवास. नऊ आठवडे, पाच भेटी, रोज रात्री फोन. तिला दोन गोष्टी खुपतायत: तो आणखी कुणाशी बोलतोय का, आणि तो पुढच्या महिन्याबद्दल कधीच काही का ठरवत नाही.

दोन्ही गोष्टी एकदम काढायच्या नाहीत, पहिलीच, असं तिने ठरवलं. 'नाही' आलं तर काय, हेही ठरवलं: भेटणं थांबवायचं, फोन हळूहळू नाही तर एकदमच बंद करायचे. गुरुवारी वर दिला तसा संदेश पाठवला. शनिवारी चारला पोचली, आधी चहा झाला, मग दोघं सुरूच्या बनाच्या कडेने चालायला लागली. परतीची गाडी साडेसहाची. पावणेपाचला तिने सुरुवात केली.

'मला तुझ्याशी बोलायला आवडतं, हे तुला कळतच असेल. मी दुसऱ्या कुणाला भेटत नाहीये आणि भेटावंसंही वाटत नाही. तुझं काय? लग्नाबिग्नाचं विचारत नाहीये हं मी.'

तो थोडा वेळ वाळूत पायाने रेघ ओढत राहिला. ती बोलली नाही. मग तो म्हणाला, 'मी पण कुणाला भेटत नाही गं. पण हे पुढचं वगैरे… बघू ना.'

इथे दोन उत्तरं आहेत, आणि ऐकणारीने ती वेगळी करायला हवीत. विचारलेल्या प्रश्नाला स्पष्ट 'नाही, कुणी नाही' आलं. 'बघू' आलं ते न विचारलेल्या प्रश्नाला. तिने पहिलं उत्तर हातात घेतलं: 'बरं वाटलं ऐकून.' मग एकच पुरवणी प्रश्न: 'बघू म्हणजे तुला काय बघायचंय?' तेव्हा कळलं की त्याची बदली पुण्याला होण्याची बोलणी चालू आहेत आणि ते नक्की होईपर्यंत त्याला शब्द द्यायचा नाही.

ती म्हणाली, 'ते कधी कळेल?' तो म्हणाला, 'फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.' 'मग तेव्हा यावर पुन्हा बोलू. तोवर मी रोज काढणार नाही हा विषय.' सगळं मिळून पंचवीस मिनिटं. उरलेला वेळ त्यांनी दुसरंच काही बोलण्यात घालवला, आणि तेही मुद्दामच. गंभीर बोलण्यानंतर लगेच निरोप घेतला की ते संपूर्ण भेटीवर सावट धरतं.

फेब्रुवारीत काय झालं यापेक्षा एक गोष्ट बघा: तारीख त्याने दिली, तिने फक्त विचारली. तारीख समोरच्याच्या कारणातून आली तर ती ठरवलेली वेळ असते. तुम्ही लादली तर मुदत होते.

'बघू' म्हणजे नाहीच ना?

कधी कधी. मराठीत 'बघू' हे नम्रपणे नाही म्हणण्याचं जुनं साधन आहे, आणि भिडस्त माणसं ते प्रेमातही वापरतात. पण प्रत्येक 'बघू' तसा नसतो.

ओळखायचं कसं? वरचा पुरवणी प्रश्न विचारा. ज्याला खरंच काही बघायचंय तो एखादी ठोस गोष्ट सांगतो: बदली, परीक्षेचा निकाल, आधीच्या नात्यातून अजून पुरता बाहेर न आलेला जीव, आईचं आजारपण. ज्याला नाही म्हणायचंय पण धीर होत नाही, त्याच्याकडे गोष्ट नसते. 'अगं असंच', 'तू फार विचार करतेस', 'एवढं मनावर कशाला घेतोस' अशी वाक्यं येतात, आणि बोलणं तुमच्या स्वभावाकडे वळतं.

तिसरा प्रकार कोकणातच काय, सगळीकडेच आहे: 'घरचे तयार होणार नाहीत.' यामागे जात असू शकते, भाऊबंदकी असू शकते, किंवा नुसती ढाल. इथे विचारा, 'घरचं क्षणभर बाजूला ठेव. तुझी स्वतःची इच्छा काय आहे?' इच्छा आहे पण भीती वाटते, असं उत्तर आलं तर तो दोघांनी मिळून सोडवायचा प्रश्न आहे, आणि त्याला वेळ लागेल. इच्छेचं उत्तरच येत नसेल तर घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही.

पुन्हा बोलायचं ठरलं तर दोन ते चार आठवड्यांनी, आणि एकदाच. दुसऱ्या वेळी नवीन काहीच ऐकू आलं नाही, तर 'माहीत नाही' हेच उत्तर आहे असं धरून तुम्ही तुमचं ठरवा. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे खनपटीला बसणं.

माझ्या घरी स्थळं बघताहेत. हे सांगितलं तर दडपण होईल का?

सांगितल्याने होत नाही, सांगण्याच्या पद्धतीने होतं. आणि न सांगणं तर अन्यायच आहे, कारण समोरचा अर्धवट माहितीवर उत्तर देतोय.

फरक असा. 'मे महिन्यात मला बघायला येणारेत, आता तूच काय ते ठरव' यात घरच्यांनी तुमच्यावर आणलेला भार तुम्ही उचलून समोरच्याच्या खांद्यावर दिला. आठ आठवड्यांच्या ओळखीवर त्याने तुमच्या वडिलांना उत्तर द्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. घाबरून दिलेला होकार पुढे टिकत नाही. जून उजाडेपर्यंत तो फोन उचलेनासा होतो.

त्याऐवजी: 'घरी स्थळं बघायला सुरुवात झालीय. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून सांगतेय. घरच्यांना काय सांगायचं ते मी बघेन. सध्या मला वर्षभर लग्न करायचं नाही असंच सांगणार आहे. पण आपल्याबद्दल तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं तर बरं पडेल.' इथे घरची आघाडी तुम्ही सांभाळताय. हे सोपं नाही, विशेषतः मुलींना, हे माहीत आहे. पण वर्षभर थांबा हे घरी सांगायचं धैर्य आणि समोरच्याला विचारायचं धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

स्थळ खोटं असेल तर मात्र चुकूनही सांगू नका. लहान गावात ते आठवड्यात उघडं पडतं.

स्वतःची मर्यादा सांगणं आणि निर्वाणीचा इशारा, यात फरक काय?

वाक्याचा कर्ता बघा. 'तू महिनाभरात ठरव नाहीतर संपलं' यात तुम्ही समोरच्याला हलवू पाहता. 'मला असं अधांतरी फार दिवस राहता येत नाही. स्पष्ट काही नसेल तर मी भेटणं थांबवेन' यात तुम्ही स्वतः काय करणार ते सांगता, आणि समोरचा त्याला हवं ते करायला मोकळा राहतो.

पण शब्द बदलले म्हणजे झालं असं नाही, इथे जपा. दुसरं वाक्यसुद्धा धमकीच ठरतं, जर ते समोरच्याने घाबरावं म्हणून उच्चारलं असेल. स्वतःला एकच विचारा: समोरचा शांतपणे 'ठीक आहे, मग थांबूया' म्हणाला, तर मी खरंच थांबणार आहे का? उत्तर नाही असेल, तर ते वाक्य बोलू नका. एकदा बोलून न पाळलेली मर्यादा पुढे कुणी मनावर घेत नाही, तुम्ही स्वतःही नाही.

मर्यादा पहिल्याच बोलण्यात काढायची गरज बहुधा नसते. ती दुसऱ्या भेटीसाठी ठेवा, आणि शांत आवाजात एकदाच सांगा.

उत्तर 'नाही' आलं तर त्याच क्षणी काय करायचं?

'सांगितलंस ते बरं झालं' एवढं म्हणा आणि कारणं खोदू नका. रडू आलं तर येऊ द्या, पण ते थांबवायची जबाबदारी समोरच्यावर टाकू नका. एकत्र परतायचं असेल तर वेगळी रिक्षा करायची तयारी आणि सुटे पैसे जवळ असू द्या. एकाच बाईकवर मागे बसून पंधरा किलोमीटर परत येणं दोघांनाही जड जातं.

त्यानंतर फोन, संदेश, मित्रांमार्फत निरोप, कामाच्या ठिकाणी जाऊन उभं राहणं, यातलं काहीही नाही. स्पष्ट नकारानंतरही बाईशी वारंवार संपर्क साधणं किंवा तिचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट अशी की खरं उत्तर देणाऱ्याला त्याची शिक्षा होता कामा नये.

विचारल्यापासून समोरचा थंड पडलाय. मी चूक केली का?

दोन-तीन दिवस बोलणं कमी होणं नेहमीचं आहे. मनातलं बोललेली माणसं थोडी संकोचतात. या काळात तुम्ही आधी जसं वागत होता तसंच वागा: सकाळचा संदेश जात असेल तर जाऊ द्या, नसेल तर नव्याने सुरू करू नका. आठवडा उलटूनही भेटायचं टाळणं, उत्तरं एका शब्दाची, असं चालू राहिलं तर एकदा सरळ विचारा: 'परवा बोललो त्याने तुला अवघडल्यासारखं झालंय का?'

हो आलं, तर कशाने झालं ते ऐकून घ्या आणि सारवासारव करू नका. उत्तरच आलं नाही, तर आणखी एक आठवडा थांबा आणि मग आधी कागदावर लिहून ठेवलं होतंत तसं करा.